बारातले अकरा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ब्लोहोलचा त्रास सुरू होता. वाळूत ओलावा जास्त झाला की धातू ओतताना वाफ धरते, आणि कास्टिंग मशीनिंगला गेल्यावर आत पोकळी सापडते. तोवर मजुरी, वीज सगळं खर्च झालेलं असतं. वाळूचा ओलावा, पर्मिएबिलिटी म्हणजे वाळूतून वायू बाहेर पडू देण्याची क्षमता, आणि ओतण्याचं तापमान एवढ्यावरून कास्टिंग खराब निघणार का, हे आधीच सांगता येईल का ते बघायचं माझ्याकडे आलं.

हाताशी नोंदी होत्या 60. त्यातली 42 कास्टिंग चांगली आणि 18 रिजेक्ट. मी नेहमीप्रमाणे कॉम्प्युटरवरच्या मॉडेलला शिकवायला 48 घेतली, 12 त्याच्या परीक्षेला बाजूला ठेवली. 12 पैकी 11 बरोबर आली, म्हणजे जवळपास 92 टक्के. त्याच संध्याकाळी मी तो आकडा मालकांना सांगून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी वाळूवर देखरेख करणाऱ्या तात्यांना कागद दाखवला. तीस वर्षं भट्टीजवळ काढलेला माणूस. टक्केवारीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"सायेब, ह्या बारात खराब किती हुती?"

मी मोजली. फक्त दोन. त्यातलं एक मॉडेलनं पकडलं होतं, एक सुटलं होतं.

"मग समदीच चांगली म्हटलं असतं तरी धा बरोबर आली असती की."

मी तिथंच वाळूच्या ढिगाशेजारी उभा राहिलो. 60 मध्ये 18 खराब, म्हणजे 12 मध्ये साधारण साडेतीन यायला हवीत. माझ्या वाटणीत सोपी कास्टिंग जास्त पडली होती, आणि त्यातलं एकेक कास्टिंग आठ टक्क्यांहून जास्त वजनाचं होतं. एक इकडचं तिकडे झालं की 92 चे 83.

ऑफिसात येऊन `random_state` बदलत 48-12 ची वाटणी नव्यानं वीस वेळा केली. मॉडेल तेच, नोंदी त्याच. कधी 12 पैकी 7 बरोबर, कधी 9, कधी 11. मी आदल्या दिवशी सांगितला होता तो या वीसातला सगळ्यात चांगला आकडा होता. मी तो मुद्दाम निवडला नव्हता, पण पहिल्याच फटक्याला तो लागला म्हणून दुसरी वाटणी करून बघावी असं मनातही आलं नाही.

मग पाच भाग केले, प्रत्येकात खराब कास्टिंगचं प्रमाण सारखं राहील असे. चार भागांवर शिकवायचं, पाचव्यावर तपासायचं, असं पाच वेळा. त्यामुळे 60 पैकी प्रत्येक कास्टिंगची परीक्षा एकदा होते, आणि तीही ते न पाहिलेल्या मॉडेलकडून.

```
cv = StratifiedKFold(n_splits=5, shuffle=True, random_state=7)
pred = cross_val_predict(model, X, y, cv=cv)
print(confusion_matrix(y, pred))
```

पाच भागांत बरोबर आली 11, 8, 9, 7 आणि 9. एकूण 60 पैकी 44, म्हणजे 73 टक्के. सगळ्यांना चांगलं म्हटलं तरी 70 मिळतात. 18 खराबांपैकी सापडली फक्त 8, आणि 6 चांगल्यांवर उगाच ठपका आला. मॉडेलची खरी ताकद 73 टक्के धरली, तरी 12 च्या परीक्षेत 11 किंवा 12 बरोबर येण्याची शक्यता आठात एक निघते. म्हणजे माझा 92 काही चमत्कार नव्हता, तसा आकडा सहज पडतो.

हे 73 घेऊन पुन्हा तात्यांकडे गेलो. आता तरी आकडा टिकेल असं वाटत होतं. त्यांनी नोंदवही उघडली आणि ओलाव्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. सलग तीन ओळींत तोच आकडा. मग पुढच्या तीन ओळींत दुसरा.

"वाळू दिवसातनं एकदाच तपासतोय आमी. ही तिन्ही एकाच दिवसाची."

60 कास्टिंग, पण दिवस फक्त 20. पाच भाग पाडताना एकाच दिवसाची दोन कास्टिंग शिकवण्यात आणि तिसरं परीक्षेत जात होतं. मॉडेलला त्या दिवसाची वाळू आधीच ओळखीची झालेली होती. मी नोंदींना दिवसाचा क्रमांक जोडला आणि `StratifiedGroupKFold` वापरून एका दिवसाची तिन्ही कास्टिंग एकाच भागात राहतील असं केलं. बरोबर आली 39. म्हणजे 65 टक्के, काहीच न करता मिळणाऱ्या 70 हून कमी.

मालकांना फोन करून कालचा आकडा मागे घेतला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरं, काय लागंल ते सांगा." एकाच दिवसाची आणखी कास्टिंग मोजून उपयोग नाही, वेगवेगळे दिवस हवेत, त्यातही पावसाळ्यातले हवेत, असं सांगितलं. पुढच्या सोमवारपासून तात्या वाळू सकाळी एकदा आणि दुपारच्या पाळीला एकदा तपासू लागले. वहीत ओलाव्याशेजारी आता वेळेचाही रकाना आहे.