एक्स-रे, केसांचा रंग आणि बाथरूममधलं ॲसिड

खोकला काही केल्या जाईना म्हणून छातीचा एक्स-रे काढला आणि त्याच महिन्यात पाळी चुकली. टेस्टवर दोन रेघा दिसल्या तेव्हा पहिला विचार त्या एक्स-रेचाच आला. नात्यातल्या एका बाईंनी तर 'ठेवायचं का हे, विचार कर,' असंही सुचवलं. केवळ भीतीपोटी असा निर्णय घेतला जाऊ शकतो, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, "छातीचा की पोटाचा?" छातीचा म्हटल्यावर त्यांनी कागदावर हिशेबच मांडला. छातीच्या एक्स-रेमध्ये किरण छातीवर सोडतात, गर्भापर्यंत पोचतात ते इकडेतिकडे विखुरलेले थोडे. किरणांचा डोस मिलिग्रे या एककात मोजतात, आणि इथे तो 0.01 मिलिग्रेपेक्षाही कमी असतो. बाळात व्यंग येण्याचा किंवा गर्भपाताचा धोका 50 मिलिग्रेच्या खाली वाढलेला दिसत नाही. म्हणजे तिथवर जायला असे 5000 एक्स-रे लागतील! दाताच्या एक्स-रेचंही तसंच. पोटाच्या किंवा कंबरेच्या सीटी स्कॅनची गोष्ट वेगळी. तिथे किरण थेट गर्भावर पडतात. एक स्कॅन सहसा 50 च्या आतच राहतो, पण असे स्कॅन पुन्हापुन्हा झाले तर डोस मोजून बेरीज करावी लागते. म्हणून दिवस राहिल्याची शंका जरी असली तरी तपासणीआधी सांगायचं, आणि गरजेची तपासणी मात्र टाळायची नाही.

केसांच्या रंगाबद्दल त्या फारशा बोलल्या नाहीत. टाळूतून रंग शरीरात अगदी नगण्य जातो. खबरदारी म्हणून पहिले तीन महिने थांबा, मग हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून लावा, एवढंच. काळी मेंदी नैसर्गिक समजून बिनधास्त लावू नका, असं मात्र बजावलं. तिच्यात बहुतेकदा डायमधलंच पीपीडी हे रसायन असतं आणि त्याची ॲलर्जी जोरदार येऊ शकते.

खरी काळजी निघाली ती आमच्या बाथरूममध्ये. आमच्याकडे फरशीवर ॲसिड ओतायचं, वर ब्लीचिंग पावडर टाकायची आणि दार लावून घासायचं, अशी पद्धत. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा जळतो, ठसका लागतो. वायू जास्त झाला तर फुफ्फुसांना इजा होते, आणि आईला प्राणवायू कमी पडला की बाळालाही कमी पडतो. साध्या फिनेलने किंवा साबणाने दारं-खिडक्या उघडून फरशी पुसायला काहीच हरकत नाही. मी सासूबाईंना हे समजावलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, म्हणूनच मला दर वेळी खोकला येतो होय!"

आता घरात ॲसिड आणतच नाही. कुठे असा उग्र वास आलाच तर तिथे पाणी ओतत बसायचं नाही, आधी बाहेर मोकळ्या हवेत यायचं, आणि खोकला किंवा धाप थांबली नाही तर थेट दवाखाना गाठायचा.