कानामागची खाज

साताऱ्यात गेली चौदा वर्षं माझं पार्लर आहे. त्या दिवशी सकाळी साडेनऊला काकू आल्या तेव्हा त्यांनी काळा गॉगल घातला होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाची हळद. गॉगल काढला आणि माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला. दोन्ही पापण्या पुरीसारख्या फुगलेल्या, उजवा डोळा लालभडक, त्यातून सारखं पाणी.

"पापण्यांचे खालचे चार-पाच केस पांढरे दिसत होते गं. डोक्याला लावून थोडा डाय उरला होता, म्हणून काल सकाळी काडीने लावला," त्या म्हणाल्या. लावताना थेंबभर डोळ्यात गेला होता. भगभगलं, तेव्हा त्यांनी दोन ओंजळी पाणी मारलं होतं.

काय झालं असावं हे त्यांच्या सांगण्यातूनच कळत होतं. एकाच डायने दोन वेगवेगळे घाव घातले होते. डाय आत गेला त्याच क्षणी उजवा डोळा भगभगला, म्हणजे रसायनाने तो चिडला होता. पापण्या मात्र रात्रीपासून फुगत गेल्या, आधी खाज आणि मग सूज. ज्या डोळ्यात थेंब गेला नव्हता त्याचीही पापणी सुजली होती. ही ॲलर्जी.

मी पाकीट मागितलं. पर्समध्येच होतं. समोर मोठ्या अक्षरात 'अमोनिया नाही', आणि मागे बारीक अक्षरांत पीपीडीचं नाव. काळ्या रंगाच्या बहुतेक डायमध्ये हे रसायन असतं, काळी मेहंदी म्हणून विकतात त्यातही. नुसत्या मेहंदीने केस तांबूस होतात, काळे होत नाहीत. त्याच्याच खाली सूचना होती: हा डाय पापण्यांच्या केसांना किंवा भुवयांना लावू नये, लावल्यास अंधत्व येऊ शकतं. आपल्याकडे पीपीडीच्या डायवर ही सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे. काकूंना चष्म्याशिवाय ती वाचताच आली नव्हती.

त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे ते पापण्यांच्या केसांना रंगवायचं टिंट करतात ना? त्याने झाकून टाक." मी नाही म्हटलं आणि स्कूटरवरून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पाकीट सोबत घेतलं. डॉक्टरांनी डोळ्याला पिवळ्या औषधाची पट्टी लावून निळा प्रकाश टाकला. बुबुळाच्या खालच्या कडेला हिरवट ठिपके उमटले, म्हणजे तिथली वरची कातडी सोलली होती. दृष्टी शाबूत होती. ते म्हणाले, दोन ओंजळींऐवजी पापण्या उघड्या धरून पंधरा-वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याची धार सोडली असती आणि लगेच आला असता, तर इतकं झालं नसतं.

बाहेर बाकावर बसल्यावर काकूंनी विचारलं, "मग तुझं टिंट वेगळं कसं?"

मी सांगितलं. डोक्याच्या क्रीम कलरमध्ये मिसळायच्या डेव्हलपरमध्ये साधारण ६ ते १२ टक्के पेरॉक्साइड असतं. टिंटबरोबर ३ टक्के किंवा त्याहून कमी वापरतात. टिंटचं क्रीम घट्ट असतं, ओघळत नाही. गिऱ्हाइकाला आडवं झोपवायचं, डोळ्याभोवती व्हॅसलीन, खाली ओला पॅड, आणि रंग धुऊन होईपर्यंत डोळे मिटलेले. मुळाला न चिकटवता केसांवर लावायचं, पाच ते दहा मिनिटांनी ओल्या कापसाने पूर्ण पुसायचं. रंग तीन-चार आठवडे टिकतो, कारण ते केस गळून नवे येतातच. आरशासमोर उभं राहून स्वतःच्या उघड्या डोळ्याला हे कुणालाच जमणार नाही.

"आणि तरीही," मी म्हटलं, "तुम्हाला ते मी करणार नाही." टिंटमध्येही बहुतेकदा पीपीडी किंवा त्याच्या जवळच्या नात्यातलंच रसायन असतं. पीपीडीची ॲलर्जी झालेल्याला ते दुसरंही बाधू शकतं. म्हणून टिंटच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत ठिपका लावून बघतात. काकूंची चाचणी त्यांच्या पापण्यांनीच देऊन टाकली होती.

मला खरं बोचलं ते पुढचं. सहा महिन्यांपूर्वी काकू सहज म्हणाल्या होत्या, डाय लावला की हल्ली कानामागे खाजतं. मी म्हटलं होतं, नीट धुवा. वर्षानुवर्षं चाललेला डायही एक दिवस अंगावर उठतो आणि त्याची सुरुवात अशीच कानामागे, कपाळाच्या कडेला होते, हे मला ठाऊक होतं. त्याच दिवशी मी डाय बंद करायला सांगायला हवं होतं.

हळदीला काकू चष्म्यात, काजळाशिवाय उभ्या होत्या. बुबुळ तीन दिवसांत भरून आलं. पापण्यांना आठवडा लागला. पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासलं, पीपीडीच निघालं. आता त्या नुसती मेहंदी लावतात, केस तांबूस दिसतात. पापण्यांचे ते चार-पाच केस पांढरेच आहेत.