नानांना सोनं

आज दसऱ्याला वर्कशॉपमध्ये पाने, जॅक, वेल्डिंग मशीन, सगळ्यांना झेंडू वाहिला. संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन, नुकतेच निवृत्त झालेल्या आमच्या नानांकडे गेलो. पाया पडलो, तर पहिला प्रश्न, "पिटावरची ती गाडी सुटली का रे?"

सुटली. टॅपेटच होतं.

नाना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचे नि मूठ कानाला लावायचे. वरून बारीक टकटक आली तर टॅपेट, खालून जड ठोका आला तर बेअरिंग. आमच्या गाड्यांची टॅपेटची फट इंजिन गार झाल्यावरच मोजायची, हे त्यांनीच शिकवलं. गरम लोखंड फुगतं, माप चुकतं. तोवर चहा! (तोही बहुतेकदा त्यांच्याच खिशातून.)

नाना, दसऱ्याच्या मनापासून शुभेच्छा. दिवाळीत फराळाला येतोय, काकूंना सांगून ठेवा.