न आलेलं भांडं परत न्यायला आलेला माणूस

तक्रारीखाली शेरा होता: ‘ग्राहकाने वस्तू देण्यास नकार दिला. पिकअप रद्द.’ दोन दिवसांनंतरच्या तारखेला पुन्हा तोच शेरा. आणि त्याखाली सिस्टीमने आपोआप टाकलेली ओळ: परतावा नामंजूर. वर जाऊन मूळ तक्रार वाचली, तर तिथे लिहिलं होतं, मिक्सरचं भांडं मिळालंच नाही. म्हणजे मिरजेच्या ज्या काकूंकडे भांडं पोचलंच नव्हतं, त्यांच्या दारात आमचा माणूस ते परत मागायला दोनदा उभा राहिला होता. आणि त्यांनी ते दिलं नाही म्हणून त्यांचे पैसे अडले होते.

मी पुण्यात एका ऑनलाइन विक्री कंपनीच्या एस्कलेशन टीममध्ये आहे. पहिल्या फळीतल्या पोरांना न सुटलेली प्रकरणं आमच्याकडे येतात. हे प्रकरण आलं ते काकूंनी फोनवर ‘आता मी 1915 ला लावते’ म्हटल्यामुळे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर उच्चारला की आमच्याकडे तिकिटाचा रंग बदलतो. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते, त्यामुळे घड्याळ चालू होतंच.

मी काकूंना फोन लावला. त्या चिडलेल्या होत्या, पण बोलायला मोकळ्या. “अहो ताई, आलंच नाही ते कुठनं देऊ? तो पोरगा म्हणतोय, भांडं द्या. मी म्हटलं, बाबा, मीच तुझ्याकडं मागतीय. तोही हसला बिचारा.”

ऑर्डर चार वस्तूंची होती. पाच लिटरचा कुकर 1,800 रुपये, स्टीलच्या डब्यांचा संच 1,000, मिक्सरचं सुटं भांडं 700 आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा 500. एकूण 4,000. त्यावर 3,500 च्या वरच्या खरेदीला 400 रुपये सूट देणारं कूपन, म्हणजे भरले 3,600. विक्रेते तीन, म्हणून पार्सलं तीन. कुकर आधी आला, मग डबे, आणि शेवटी एका खोक्यातून वजनकाटा.

काकू चौथ्या खोक्याची वाट बघत बसल्या. त्यांचंही बरोबरच होतं. पहिल्या दिवशी नुसता कुकर आला तेव्हा त्यांनी फोन केला होता आणि आमच्याच पोराने सांगितलं होतं, “बाकीचं वेगवेगळं येईल, थांबा.” ते उत्तर त्या दिवशी खरं होतं. चौथं खोकं मात्र कधी निघणारच नव्हतं, कारण भांडं आणि काटा एकाच विक्रेत्याचे आणि एकाच खोक्यातले. हे ॲपमध्ये दिसतं, पण बघायचं कुठे हे माहीत हवं. ऑर्डर उघडून प्रत्येक वस्तूखालचा ट्रॅकिंग नंबर वाचायचा. दोन वस्तूंखाली तोच नंबर असेल तर त्या एकाच खोक्यात आहेत. ते खोकं ‘डिलिव्हर्ड’ झालं आणि आत एकच वस्तू निघाली, तर दुसरीची वाट बघण्यात अर्थ नाही, त्याच दिवशी कळवायचं.

कारण वाट बघण्यातच मुदत जाते. आमच्याकडे ‘वस्तू मिळाली नाही’ हे कारण डिलिव्हरीनंतर पाच दिवस दिसतं आणि ‘वस्तू परत करायची आहे’ हे दहा दिवस. काकूंनी फोन केला तो आठव्या दिवशी. समोरच्या पोराला पडद्यावर एकच बटण जिवंत दिसलं, त्याने ते दाबलं. त्याचा हेतू चांगला होता, पण या दोन कारणांचे रस्ते निराळे आहेत. न मिळालेल्या वस्तूची चौकशी होते आणि मग पैसे सुटतात. परत करायच्या वस्तूसाठी आधी माणूस जातो, वस्तू ताब्यात घेतो, स्कॅन करतो आणि त्या स्कॅनवर पैसे सुटतात. आलीच नाही ती वस्तू स्कॅन होणार कशी? माझं स्पष्ट मत आहे की मुदत टळली म्हणून चुकीचं कारण लावण्यापेक्षा त्या पोराने तिकीट सरळ वर पाठवायला हवं होतं. पण त्याला ‘पहिल्याच फोनवर किती सोडवली’ यावर गुण मिळतात, हेही मला ठाऊक आहे.

मी रिटर्न रद्द करून कारण बदलायला घेतलं, तर आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलेलं आडवं आलं: ‘पार्सलचं वजन 3 किलो. दोन्ही वस्तू आत असणार. ग्राहकाचा दावा संशयास्पद.’

इथे मी जरा थांबले. वजनकाटा हलका, भांडं किलोभराचं. दोन्ही मिळूनही तीन किलो होत नाहीत. मग हे तीन आले कुठून? खोक्याच्या मापातून. कुरिअर कंपनी पैसे लावते ते खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतल्या मोठ्या आकड्यावर. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि 5,000 ने भागायचं. हे खोकं 30 बाय 25 बाय 20 चं, गुणाकार 15,000, म्हणजे तीन किलो. आत काटा असो, भांडं असो की नुसते कागदाचे बोळे, या खोक्याचं आकारमानाचं वजन तीन किलोच. आमच्या पडद्यावर बिलाचा आकडा दिसतो आणि नवखी पोरं त्याला खरं वजन समजतात.

खरं वजन कुरिअरच्या पोर्टलवर वेगळ्या रकान्यात असतं. मोठ्या हबमध्ये पार्सल पट्ट्यावरून जाताना मशीन माप आणि वजन आपोआप नोंदवतं. विक्रेत्याने जाहीर केलेलं वजन होतं 1.8 किलो. भिवंडीच्या हबमध्ये मशीनने नोंदवलेलं 0.74 किलो. पुण्याच्या हबमध्ये पुन्हा 0.74.

यातून दोन गोष्टी कळतात आणि दुसरी जास्त महत्त्वाची. पहिली, भांडं खोक्यात नव्हतं. दुसरी, ते वाटेत कुणी काढलेलं नाही. भिवंडीत 1.8 आणि पुण्यात 0.74 असतं तर मधल्या प्रवासात हात मारला गेला असं म्हणता आलं असतं. दोन्हीकडे 1.8 भरलं असतं तर फाइल शेवटच्या टप्प्याकडे, डिलिव्हरीच्या पोराकडे गेली असती. पण पहिल्याच काट्यावर वजन कमी भरलं म्हणजे खोकं विक्रेत्याकडूनच अर्धं निघालं होतं.

तरी मला अजून एक आधार हवा होता, कारण विक्रेता जाहीर वजनावर अडून बसणार. मी काकूंना विचारलं, खोकं आहे का? “आहे की. माळ्यावर टाकलंय, दिवाळीला आकाशकंदील ठेवायला हुतं.” मग म्हटलं, नव्या काट्यावर ते रिकामं खोकं ठेवा, आतल्या कागदासकट, आणि फोटो पाठवा. 230 ग्रॅम भरलं. काट्याचं वजन त्याच्याच काट्यावर करता येत नाही, ते विक्रेत्याच्या यादीतून घेतलं: डबीसह 500 ग्रॅम. बेरीज 0.73. पुरावा म्हणून इतकं जुळणारं गणित माझ्या वाट्याला क्वचित येतं. काकूंना त्याचं फार कौतुक नव्हतं. “बरं, पैसे कधी?” एवढंच.

कारण बदललं, भांड्यापुरता परतावा लावला, तर सिस्टीमने रक्कम काढली 300 रुपये. हा दुसरा सापळा. भांड्याचे 700 वजा केले की ऑर्डर उरते 3,300 ची. कूपनची अट 3,500 ची. म्हणून सिस्टीम म्हणते, अट मोडली, सूट परत घ्या: 700 वजा 400. ग्राहकाने आपणहून एखादी वस्तू परत केली तर हा नियम समजू शकतो. पण इथे वस्तू आम्हीच दिली नव्हती. न दिल्याचा दंड घेणाऱ्याने का भरायचा? अशा वेळी ‘विक्रेत्याकडून कमी माल’ हा उपकोड लावावा लागतो, मग कूपन शाबूत राहतं. तो यादीच्या तळाशी आहे आणि तिथवर कुणी उतरत नाही. तो लावल्यावर रक्कम आली 630.

आता काकू म्हणाल्या, “सातशे छापलंय की बिलावर.” मी त्यांना बिल हातात घ्यायला सांगितलं. 400 ची सूट चारही वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटली जाते. 4,000 ला 400 म्हणजे शेकडा दहा, म्हणून कुकरवर 180, डब्यांवर 100, भांड्यावर 70, काट्यावर 50. बिलाच्या पहिल्या रकान्यात 700 आहे, पण शेवटच्या रकान्यात 630, आणि तेवढेच त्यांनी भांड्यासाठी मोजले होते. शेवटचा रकाना त्यांनी मोठ्याने वाचला. मग म्हणाल्या, “हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी कशाला भांडले असते?”

विक्रेत्याने अपेक्षेप्रमाणे हात वर केले. त्याच्याकडे पॅकिंगचा व्हिडिओ मागितला, तो आला नाही. आला तो निरोप: स्टॉकमध्ये एक भांडं जास्त भरतंय. दोन ओळींच्या ऑर्डरमध्ये पॅक करणाऱ्याने एक वस्तू उचलली आणि लेबल दोन्हींचं चिकटवलं, हे बहुतेक वेळा असंच घडतं. 630 ची डेबिट नोट त्याच्या नावे निघाली.

परतावा सुटल्यानंतरही काकूंचा फोन आलाच. पैसे जमा नाहीत. यूपीआय परताव्याला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, तो देऊन बँकेत विचारायला सांगणार होते, पण आधी विचारलं, “काकू, पैसे भरले कोणी होते?” थोडा वेळ गेला. “भाच्यानं भरले हुते. मी त्याला रोख दिले.” पैसे ज्या खात्यातून आले तिथेच परत जातात. ते भाच्याच्या खात्यात आदल्याच दिवशी जमा झाले होते आणि त्याने काही सांगितलं नव्हतं. “त्याच्याकडनं मी वसूल करते,” काकू म्हणाल्या, आणि त्याबद्दल मला शंका नाही.

राहिला डिलिव्हरीचा पोरगा. पहिली तक्रार ‘संशयास्पद’ ठरण्याआधी कधीतरी कुरिअरने भांड्याचे पूर्ण 700 रुपये त्याच्या मानधनातून कापण्यासाठी लावून ठेवले होते. हे मला शोधायला कुणी सांगितलेलं नव्हतं, पोर्टलच्या त्याच पानावर खाली दिसलं. दोन्ही हबची वजनं जोडून मेल केला. उत्तर आलं, ‘पुढच्या हप्त्यात समायोजित.’ पुढचा हप्ता झाल्यावर मी ते पान पुन्हा उघडलं. कपातीच्या रकान्यात शून्य होतं.