पायावरची सूज आणि पोटातला गुबारा

"डॉक्टर, शुगरची नवी गोळी सुरू झाल्यापासून माझे पाय सुजतात, आणि आमच्या ह्यांना जी दिली आहे तिनं त्यांचं पोट सारखं फुगतं. शुगर कमी करणाऱ्या गोळीनं असं का व्हावं? चालू ठेवायच्या की सोडून द्यायच्या?"

तुम्हा दोघांच्या गोळ्या वेगळ्या आहेत. तुमची पायोग्लिटाझोन आहे आणि त्यांची अकार्बोज. पायोग्लिटाझोन पुष्कळदा एकटी येत नाही. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड यांच्यासोबत एकाच गोळीत असते, त्यामुळे आपण ती घेतो हेच अनेकांना माहीत नसते. म्हणून आधी पट्टीच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत.

मधुमेहात अनेकदा इन्शुलिन शरीरात असते, पण स्नायू, चरबी आणि यकृत त्याला दाद देत नाहीत. पायोग्लिटाझोन चरबीच्या पेशींच्या केंद्रातील एका ग्राहीला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटून त्यांची कामाची पद्धत बदलते. रक्तात फिरणारी मेदाम्ले त्वचेखालच्या चरबीत साठू लागतात, यकृत आणि स्नायूंवरचा मेदाचा भार हलका होतो आणि तेच इन्शुलिन पुन्हा लागू पडते. हा पेशींच्या आतला बदल असल्याने त्याला वेळ लागतो. पूर्ण परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे जातात, आणि पंधराव्या दिवशी साखर तपासून "गोळी लागू पडत नाही" असे ठरवणे चुकीचे असते.

पण हीच ग्राही मूत्रपिंडातही असते. तिथे ती जागी झाली की लघवीवाटे जायचे मीठ शरीर परत घेऊ लागते, आणि मिठामागे पाणी येते. सोबत इन्शुलिनची इंजेक्शने चालू असतील तर सूज येण्याची शक्यता आणखी वाढते, कारण इन्शुलिनही मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते.

माझ्याकडे आलेल्या एका अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंची हकीकत सांगतो. त्या घरी शिवणकाम करत आणि रक्तदाबासाठी दोन वर्षे अ‍ॅम्लोडिपीन घेत होत्या. उपाशीपोटी साखर १६८ होती म्हणून त्यांना पायोग्लिटाझोन १५ मिलिग्रॅम सुरू झाली. तीन आठवड्यांनी साखर १६० निघाली, तेव्हा दुसरीकडे दाखवल्यावर मात्रा ३० केली गेली. आठव्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा साखर १२४ झाली होती आणि घरचे सगळे खूश होते. मात्र वजन ६४ किलोवरून ६७.५ वर गेले होते, आणि त्यातले दीड किलो शेवटच्या सहा दिवसांतले होते. या गोळीने चरबीही थोडी वाढते, पण ती महिन्यांच्या हिशेबाने वाढते. सहा दिवसांत दीड किलो चढते ते पाणी असते. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरला आणि उचलला, तेव्हा तिथे खळगा तसाच राहिला. अ‍ॅम्लोडिपीननेही घोट्यांना सूज येते, त्यामुळे आधी तिच्यावर संशय घेता आला असता, पण दोन वर्षे ती गोळी घेऊनही पाय सुजले नव्हते, आणि तिच्या सुजेने दम लागत नाही. या बाईंना रात्री दोन उशा लागू लागल्या होत्या. हे त्यांनी आपणहून सांगितले नाही, विचारल्यावर सांगितले.

त्याच दिवशी पायोग्लिटाझोन बंद केली आणि हृदयाची सोनोग्राफी करून घेतली. हृदयाची रक्त बाहेर फेकण्याची क्षमता ४५ टक्के निघाली, म्हणजे थोडी कमी. हृदय आधीपासूनच थकत चालले होते आणि वाढलेल्या पाण्याने ते उघडे पडले. पाणी काढणाऱ्या गोळ्या देऊन आणि साखरेचे औषध बदलून काही आठवड्यांत त्यांचे वजन मूळ पदावर आले. हृदय चांगले असते आणि नुसती घोट्यांपुरती सूज असती, तर मात्रा १५ किंवा ७.५ वर आणून पाहता आले असते.

म्हणून ज्यांचे हृदय कमजोर असल्याचे एकदा जरी निदान झाले आहे, त्यांना मी ही गोळी देत नाही. मूत्राशयाचा कर्करोग आहे, होऊन गेला आहे किंवा लघवीतून रक्त जाते आणि त्याचे कारण सापडलेले नाही, अशांनीही ती घेऊ नये. मूत्राशयाच्या याच शंकेमुळे २०१३ च्या जूनमध्ये आपल्या देशात तिची विक्री थांबवली गेली होती आणि पुढच्याच महिन्याच्या अखेरीस इशारा छापण्याच्या अटीवर ती पुन्हा खुली झाली. पाळी गेलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांच्या बाबतीतही मी हात आखडता घेतो, कारण तिने हातापायांची हाडे मोडण्याचे प्रमाण वाढते. डोळ्यांच्या पडद्याला सूज असेल तरीही ती टाळलेली बरी.

तुमच्या यजमानांची गोळी रक्तात जवळजवळ जातच नाही. तिचे काम आतड्यातच चालते. भात, भाकरी, पोळी यांतल्या पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून त्यांचे ग्लुकोज करणारी विकरे लहान आतड्यात असतात, त्यांना अकार्बोज अडवते. त्यामुळे जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही, सावकाश चढते. म्हणूनच ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते. ताट उचलल्यावर आठवली तर तिचा फारसा उपयोग नसतो. तिचा गुण उपाशीपोटीच्या तपासणीपेक्षा जेवणानंतर दोन तासांच्या तपासणीत दिसतो.

न पचलेले पिष्ट पुढे मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि वायू होतो. पोटातला गुबारा म्हणजे गोळी आपले काम करत असल्याची खूणच आहे. पहिल्याच दिवसापासून ५० मिलिग्रॅम तीन वेळा सुरू केली तर बहुतेक माणसे आठवड्यात ती सोडून देतात. मी २५ मिलिग्रॅम, तीही फक्त मोठ्या जेवणासोबत सुरू करतो आणि एक-दोन आठवड्यांनी एकेक जेवण वाढवतो. आतड्याच्या खालच्या भागातली विकरे तेवढ्यात वाढतात आणि वायू कमी होतो. त्या काळात गोड पदार्थ मात्र टाळावे लागतात, नाहीतर जुलाब होतात.

आतड्याला सूज किंवा व्रण, आतडे अडण्याचा त्रास, वायूने वाढेल असा मोठा हर्निया, यकृताचा सिरोसिस किंवा मूत्रपिंडांचे काम फार घटलेले असेल तर अकार्बोज घेऊ नये. पोट फुगून कळा येऊ लागल्या, उलट्या झाल्या आणि वायूही सरेनासा झाला, तर तो गुबारा नव्हे. ताबडतोब दवाखाना गाठावा.

तेव्हा त्यांची गोळी सोडू नका, मात्रा कमी करून पाहू. तुम्ही मात्र रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीआधी वजन करून लिहून ठेवा आणि परवा ती वही घेऊन या. दोन दिवसांत किलोभर वाढले, चालताना दम लागला किंवा आडवे पडवेना, तर परवाची वाट न पाहता त्याच दिवशी या.

आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. अकार्बोज एकटी असताना साखर सहसा फार खाली जात नाही, पण तुमचे यजमान ग्लिमेपिराइडही घेतात, त्यामुळे कधी घाम सुटून हातपाय थरथरू शकतात. अशा वेळी चहाची साखर किंवा गूळ देऊन लवकर उपयोग होणार नाही, कारण ती साखर तोडणारे विकरही हीच गोळी अडवते. त्यांना औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पूड, तीन चमचे पाण्यात ढवळून द्या, आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा.