नऊ कूपन आणि सुरतेचे पिनकोड

अमळनेरच्या एका घरगुती मसाला उद्योगाचे मार्केटिंग माझ्याकडे आहे. उद्योग चालवणाऱ्या काकू खान्देशी काळा मसाला, बिबडे आणि उडदाचे पापड विकतात आणि बहुतेक ऑर्डरी व्हॉट्सॲपवरच येतात. गेल्या दिवाळीपूर्वी दोन इन्फ्लुएन्सरांकडून आम्ही मसाल्याचे रील करून घेतले. त्यांतल्या एका रीलचा हिशेब मला अजूनही नीट मांडता आलेला नाही.

निवडीची सुरुवातच वादाने झाली. काकूंच्या पुतण्याने एका एजन्सीचा दरपत्रक-तक्ता आणला होता आणि त्यात प्रत्येक नावापुढे फॉलोअरचा आकडा व त्याच प्रमाणात चढत जाणारी रक्कम एवढेच होते. अशा तक्त्यांचा मला मनापासून कंटाळा आहे, कारण मसाला विकत घेणारा माणूस त्या फॉलोअरांत आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. पुतण्याचा आग्रह जळगावकडच्या एका खाद्यभ्रमंती करणाऱ्या मुलासाठी होता. शेवभाजीच्या तर्रीवर कॅमेरा नेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, हे मलाही मान्य होते. पण त्याच्या खात्याच्या इन्साइट्स मी मागवल्या, तेव्हा प्रेक्षक बहुसंख्येने अठरा ते चोवीस वयाचे तरुण निघाले. हा वर्ग ढाब्यावर जाऊन खातो. घरचा मसाल्याचा डबा तो भरत नाही.

इन्साइट्सचा स्क्रीनशॉट मी मान्य करत नाही, कारण तो बदलणे फार सोपे असते. मोबाइलवर ॲप उघडण्यापासून प्रेक्षकांच्या शहरांच्या यादीपर्यंतचे स्क्रीन रेकॉर्डिंग मागतो. त्याआधी शेवटच्या काही पोस्टखालच्या प्रतिक्रिया वाचतो. 'मस्त', 'एक नंबर' आणि आगीच्या चिन्हांच्या रांगा असतील, आणि त्या टाकणारी खातीही इतर इन्फ्लुएन्सरांचीच असतील, तर ती आपसातली देवाणघेवाण समजावी. 'वांगं कोणतं घेतलं?', 'तिखट किती टाकलं?' असे प्रश्न असतील, तर तिथे स्वयंपाक करणारी माणसे आहेत.

असे प्रश्न मला धुळे जिल्ह्यातल्या एका ताईंच्या खात्यावर भरपूर दिसले. फॉलोअर जेमतेम नऊ हजार, बोलणे अस्सल अहिराणी, चुलीजवळ मोबाइल टेकवून केलेले साधे व्हिडिओ. रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्या प्रेक्षकांचे पहिले शहर धुळे किंवा जळगाव नव्हते; ते सुरत होते. कापड उद्योगामुळे खान्देशातली कितीतरी कुटुंबे तिकडे स्थायिक झाली आहेत, उधना आणि लिंबायत भागांत अहिराणी सर्रास कानावर पडते. घरापासून दूर राहणाऱ्या आणि सासरहून किंवा माहेरहून मसाल्याची पिशवी मागवणाऱ्या या घरांपर्यंत पोहोचण्याचा दुसरा स्वस्त मार्ग मला माहीत नव्हता.

ताईंना पाठवलेल्या पहिल्या संदेशात मी त्यांच्या कळण्याच्या भाकरीच्या व्हिडिओतली एक नेमकी गोष्ट लिहिली, म्हणजे साचेबंद मजकूर सगळ्यांना धाडलेला नाही हे त्यांना कळावे. मग उत्पादन कोणते, पैसे देणार की फक्त वस्तू, हे सरळ सांगितले. मसाल्याचे पाकीट मात्र विनाअट आधी पाठवले. त्यांचे उत्तर आले, "भाऊ, पहिले रांधी दखसू, मंग सांगसू." आठवडाभर काही कळले नाही आणि मी पुन्हा विचारलेही नाही. मग त्यांनीच फोन केला. मसाला चांगला आहे, पण भरीतात तो घालायचा नसतो, त्यामुळे पाकिटावर छापलेले 'भरितासाठीही उत्तम' हे शब्द त्या व्हिडिओत म्हणणार नाहीत, असे त्यांनी बजावले. मी तिथेच खूश झालो.

चार हजार रुपये आणि मसाला असे ठरले. व्हिडिओवर 'पेड पार्टनरशिप'ची पाटी हवीच, हे मी काकूंना समजावले. पाटी लावली की लोक पुढे सरकतात, अशी त्यांची भीती होती. पण जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआयने २०२१ साली इन्फ्लुएन्सरांसाठी केलेल्या नियमावलीनुसार पैसेच नव्हे, फुकट मिळालेली वस्तूसुद्धा उघड करावी लागते. ताईंचा व्हिडिओ आमच्या जाहिरातीत किती महिने वापरता येईल, तेही लेखी घेतले. पुढे भांडण होते ते बहुधा यावरूनच. पुतण्याच्या आग्रहाखातर त्या मुलालाही पंधरा हजार देऊन एक रील करून घेतले.

मुलाच्या रीलला दीड लाखावर व्ह्यूज मिळाले आणि घरात पेढे वाटले गेले. ताईंच्या रीलला अकरा हजार मिळाले आणि त्यांच्या नावाचा कूपन कोड नऊ जणांनी वापरला. काकू म्हणाल्या, "भाऊ, हे पैसे तर पाण्यात गेले."

कूपनवरून निकाल लावायचा तर त्या बरोबरच होत्या. पण इन्स्टाग्रामच्या रीलखाली लिहिलेली लिंक दाबता येत नाही, कोड लक्षात ठेवून वेबसाइटवर जाऊन टाकावा लागतो, आणि आमचे गिऱ्हाईक वेबसाइटवर जातच नाही. ते रील व्हॉट्सॲपवर बहिणीला पाठवते, बहीण पाकिटावरचा नंबर वाचते आणि थेट संदेश करते. म्हणून मी काकूंच्या सुनेची ऑर्डरवही मागितली. तिने प्रत्येक ऑर्डरीपुढे पत्ता व्यवस्थित लिहिला होता. ३९४ आणि ३९५ ने सुरू होणारे, म्हणजे सुरत परिसरातले पिनकोड मी वेगळे काढले. संदेशही चाळले, त्यांत 'तो व्हिडिओम्हाना मसाला शे का?' असे विचारणारे पुष्कळ होते.

दिवाळीत खप एरवीही वाढतो, तेव्हा नुसत्या वाढीवर विश्वास ठेवून चालत नाही. पडताळणीसाठी मी दोन गोष्टी पाहिल्या. बिबड्यांचा उल्लेख रीलमध्ये नव्हता आणि त्यांची सुरतची मागणी आदल्या दिवाळीइतकीच होती. मसाल्याची पुण्याची मागणीही नेहमीच्या चढाने वाढली होती. सुरतेचा मसाला मात्र आदल्या वर्षाच्या सणासुदीच्या तुलनेत शंभरावर पाकिटांनी जास्त गेला होता. त्यातून उधन्याच्या एका दुकानदाराची चाळीस पाकिटांची एकगठ्ठा ऑर्डर मी वजा केली, कारण त्याने रील पाहिले होते की नाही, हे त्याच्या बोलण्यावरून ठरेना. एका पाकिटामागे खर्च व कुरिअर जाऊन साधारण पन्नास रुपये सुटतात, म्हणजे ताईंचे चार हजार निघायला ऐंशी पाकिटे हवीत. दुकानदार धरला तर सौदा फायद्यात, वगळला तर किंचित तोट्यात. मुलाच्या पंधरा हजारांसाठी तीनशे पाकिटे लागली असती. त्याचे नाव सांगून आलेल्या ऑर्डरी पन्नासही भरल्या नाहीत. तरी पुतण्या अजून त्याचे व्ह्यूज दाखवत फिरतो.

दोनशे ग्रॅमचे पाकीट एका घरात महिना-दीड महिना पुरते, म्हणून संक्रांतीपर्यंत मी थांबलो. सुरतेच्या नव्या गिऱ्हाइकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जणांनी पुन्हा मागवले आणि तेव्हा हिशेब स्पष्टपणे फायद्यात आला. काकू आता ताईंवर खूश आहेत. माझे समाधान मात्र पुरते होत नाही, कारण दुसरी ऑर्डर ही मसाल्याच्या चवीची कमाई आहे. तिचे श्रेय रीलला किती द्यायचे, हे मला ठरवता येत नाही.

काकूंना दर महिन्याला ताईंचे रील हवे होते. ताईंनी नकार दिला. वर्षातून दोनदा करीन, त्याहून जास्त केले तर बायका मला दुकानवाली म्हणतील, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटले. पुढच्या वेळी फक्त त्यांच्यासाठी मसाला आणि बिबड्यांचा एक जोडपुडा काढावा, जो दुसरीकडे कुठेही विकायचा नाही, म्हणजे वहीत तो लिहिला गेला की कोणाचे गिऱ्हाईक हे विचारावे लागणार नाही, असे मी सुचवले आहे. वेगळे पाकीट छापायचा खर्च पाहून काकू अजून हो म्हणालेल्या नाहीत.