बिलातलं वर्णन कापलं जात नव्हतं, झाकलं जात होतं

मंडळी, मामांच्या दुकानाची बिलं पीडीएफमध्ये बनवणारा पायथन प्रोग्राम मी लिहितोय. त्यातला मालाचं वर्णन अर्धवट छापलं जाण्याचा प्रश्न सुटला असं मागच्या वेळी लिहिलं होतं, ते मागे घेतो. वर्णन 28 वर तोडणारं `desc[:28]` काढून टाकलं आणि अर्धवट हलंत दिसायचे थांबले, एवढंच तेव्हा झालं होतं. शनिवारी मामांनी दुकानातून बिलाचा फोटो पाठवला. त्यात पहिल्याच ओळीत `कोऱ्या वह्या, 200 पानी, पुठ्ठा बांधणी, शिवलेल्या,` एवढंच छापलं होतं. पुढचं "एक रेघी" गायब. त्याच बिलात खाली दुरेघी वह्याही होत्या, आणि दोन्ही ओळी शब्दशः सारख्या दिसत होत्या, दर मात्र वेगळा. गिऱ्हाईक शाळेचं. त्यांचे हिशेबनीस विचारणारच. शिवाय जीएसटीच्या नियम 46 प्रमाणे मालाचं वर्णन हा बिलाचा आवश्यक भाग आहे, तेव्हा ते अर्धं छापून चालत नाही.

आधीचा `[:28]` का वाईट होता ते नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. पायथन अक्षरं मोजत नाही, कोडपॉइंट मोजतो, म्हणजे व्यंजन, मात्रा, हलंत असे युनिकोडचे सुटे घटक. वरच्या वर्णनात अठ्ठाविसावा कोडपॉइंट म्हणजे "पुठ्ठा"मधला हलंत. म्हणून छापलं जायचं "पुठ्", आणि जोडाक्षराचा दुसरा ठ आणि काना कचऱ्यात. मला वाटायचं फाँट जोडाक्षरं तोडतोय. त्या नादात चार फाँट बदलून झाले होते. फाँटचा त्यात काडीचा दोष नव्हता.

आता शनिवारचा घोळ. कापलेलं टोक नेमकं स्वल्पविरामापाशी होतं, त्यामुळे माझी खात्रीच पटली की कोडमध्ये अजून कुठेतरी मजकूर छाटला जातोय. दीड दिवस मी तेच शोधत बसलो. रविवारी संध्याकाळी सहज दुसऱ्या एका बिलातली लांब ओळ 400 टक्के मोठी करून पाहिली, तर शेवटचं अक्षर होतं अर्धा म. म्हणजे डावीकडचा भाग आहे, पण उजवीकडचा उभा दांडा नाही, आणि जिथे तो असायला हवा तिथे सरळ सुरीने कापावं तशी कड. स्ट्रिंग छाटून असा मध्येच चिरलेला म कधीच मिळत नाही. कोडपॉइंट एक तर पूर्ण येतो, नाही तर येतच नाही. म्हणजे ही कड कागदावर चितारताना तयार होत होती.

मग पीडीएफमधला मजकूर बाहेर काढणारी ही आज्ञा चालवली:

```
pdftotext bill.pdf -
```

आणि "एक रेघी" समोर आलं! पूर्ण मजकूर फाइलमध्ये होता, फक्त दिसत नव्हता. ही कसोटी लक्षात ठेवा. मजकूर इथे दिसला तर तो झाकला गेलाय, नाही दिसला तर पीडीएफ बनण्याआधीच छाटला गेलाय. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

झाकत कोण होतं? माझी एक आड एक ओळ रंगवायची हौस. मी पीडीएफ बनवायला वापरतो त्या `fpdf2` लायब्ररीतला, एक रकाना लिहिणारा `cell()` मजकूर कापत नाही. रकान्याची रुंदी तुम्ही 62 मिमी दिलीत आणि मजकूर 72 मिमीचा निघाला, तर तो खुशाल शेजारच्या रकान्यात घुसतो. पण पुढचा `cell()` जर `fill=True` असेल तर तो आधी आपला रंगीत चौकोन भरतो आणि मग आपला मजकूर लिहितो. त्या चौकोनाखाली आधीच्या रकान्याचं शेपूट गाडलं जातं. पांढऱ्या ओळींनाही मी पांढरा रंग भरत होतो, म्हणून तिथेही तेच. वर्णन 1 मिमीवर सुरू होतं, 62 मिमीवर शेजारच्या एचएसएन कोडच्या रकान्याचा चौकोन सुरू होतो, मध्ये उरतात 61. बरोबर स्वल्पविराम.

हे कळल्यावर दुसरं कोडंही आपोआप उलगडलं. "पुठ्ठा"मधला ठखालचा ठ तळाशी खरवडल्यासारखा दिसायचा, "चिठ्ठी पॅड"चंही तसंच. याला मी दोन महिने फाँटचा दोष समजत होतो. माझ्या ओळीची उंची 5 मिमी होती आणि फाँट 10 पॉइंट, म्हणजे 3.53 मिमी. `cell()` मजकुराची आधाररेषा ठरवतो ती उंचीचा निम्मा भाग अधिक फाँटच्या आकाराचा 0.3 पट, म्हणजे वरून 3.56 मिमी. खाली उरले 1.44. रोमन g किंवा y ला तेवढं भरपूर झालं. आपल्याकडे मात्र एकाखाली एक रचलेलं जोडाक्षर, त्याखाली उकार, असं बरंच काही आधाररेषेखाली लटकतं. ते पुढच्या ओळीच्या हद्दीत जातं आणि पुढच्या ओळीचा रंग त्यावर बसतो. आडवं झाकलं गेलं तेव्हा शब्द गेले, उभं झाकलं गेलं तेव्हा जोडाक्षरांचे पाय गेले. कारण एकच.

ओळ 7 मिमी केली की आधाररेषेखाली 2.44 मिमी मिळतात. नोटो सान्स देवनागरीत 10 पॉइंटला माझ्या यादीतली सगळी जोडाक्षरं त्यात मावली. पण उंची वाढवल्याने फक्त पाय सुटतात, आडवं झाकणं थांबत नाही. रंग आणि मजकूर वेगळे करायला हवेत. आधी वर्णनाच्या किती ओळी होतात ते न छापता मोजायचं, तेवढ्या उंचीची एकच पट्टी सगळ्या रुंदीभर रंगवायची, आणि मग त्यावर सगळे रकाने `fill` न देता लिहायचे:

```python
lines = pdf.multi_cell(62, 7, desc,
                       dry_run=True, output="LINES")
h = 7 * len(lines)
if pdf.will_page_break(h):
    pdf.add_page()
pdf.rect(10, pdf.get_y(), 190, h, style="F")
```

याचा आणखी एक फायदा आहे. आता एखादा मजकूर रकान्याबाहेर गेलाच तर तो शेजारच्या आकड्यांवर चढलेला दिसेल. ते कुरूप दिसतं, पण डोळ्यांत भरतं. झाकलेली चूक महिनोन् महिने कळत नाही. `multi_cell` ला मात्र एक मर्यादा आहे. एकच शब्द रकान्यापेक्षा रुंद असला तर तो शब्द मध्येच तोडतो, आणि तिथे जोडाक्षर फुटण्याची भीती असते. म्हणून सगळ्या वर्णनांतला सर्वांत रुंद शब्द `get_string_width` ने मोजून रकाना त्याहून अरुंद होऊ द्यायचा नाही, अशी अट घातली आहे.

जोडाक्षरं मुळात जुळण्याची बाब आपण आधीच निकालात काढली आहे, तरी पुन्हा विचारणा झाली म्हणून सांगतो. फाँट कितीही चांगला असो, शेपिंग, म्हणजे सुटे घटक जुळवून अक्षराचं योग्य रूप निवडणं, चालू नसेल तर "पेन्सिल"मधला न हलंतासह सुटा दिसतो आणि वेलांटी स च्या पुढे जाऊन बसते. `uharfbuzz` बसवा आणि ही ओळ फाँट जोडल्यावर लिहा:

```python
pdf.set_text_shaping(True, script="deva", language="mr")
```

`language="mr"` विसरू नका. नोटोमध्ये ल आणि श ची आपली मराठी वळणं त्यामुळे येतात, नाही तर हिंदी वळणाचा ल मिळतो. रुंदी मोजण्याआधी शेपिंग चालू असणंही तितकंच गरजेचं आहे. सुट्या तुकड्यांची बेरीज आणि जुळलेल्या अक्षराची रुंदी सारखी नसते, त्यामुळे ओळी चुकीच्या जागी मोडतात.

रविवारी रात्री नवीन बिल मामांना पाठवलं. "एक रेघी" आलं, ठ्ठ चे पाय आले. मामांचा फोन आला तो वेगळ्याच गोष्टीसाठी: "अरे, हे 'कोर्या' काय छापलंय? कोऱ्या वह्या म्हणतात."

खरंच होतं. फोटोतही तेच होतं, पण मी सगळा वेळ ओळीच्या उजव्या टोकाकडे बघत होतो आणि डावीकडचा पहिला शब्द मनातच बरोबर वाचत होतो. पुन्हा फाँटकडे बोट दाखवायचा मोह झाला. मग मजकुराचे कोडपॉइंट छापून पाहिले. मामांच्या जुन्या यादीत ऱ्या टंकलेला होता र, हलंत, अदृश्य जोडक `U+200D` आणि मग य असा. तो अदृश्य जोडक असला तरच र ची आडवी मिशी होते. तो नसेल तर र सरळ रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो. आणि माझं सफाईचं फंक्शन `isprintable()` ला नापास होणारं सगळं फेकून देत होतं. `"\u200d".isprintable()` चं उत्तर `False` आहे. म्हणजे मीच मिशी उडवत होतो.

उपाय एका ओळीचा. जुनी पद्धत युनिकोडच्या सुचवलेल्या ऱ + हलंत या पद्धतीत बदलून घ्यायची, म्हणजे पुढे कुणी अदृश्य चिन्हं काढली तरी बिघडत नाही:

```python
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

सफाई आता फक्त `Cc` वर्गातली नियंत्रणचिन्हं काढते. "कोऱ्या" आणि "दुसऱ्या" दोन्ही नीट छापून आले तेव्हा मला झालेला आनंद तुम्हाला वेगळा सांगायला नको.

पुढचा बेत रकाना 62 मिमीच ठेवून नोटोचा अरुंद प्रकार वापरायचा असा होता. पण हे लिहितानाच सुचलं की 62 हा आकडा आला कुठून? पहिल्या दिवशी अंदाजाने टाकलेला. आकड्यांच्या रकान्यांत मात्र रिकामी जागा लोळतेय. म्हणून आताच उलटं करून पाहिलं: आधी अनुक्रमांक, एचएसएन, नग, दर, कर, रक्कम या प्रत्येकातला सर्वांत रुंद मजकूर शीर्षकासकट मोजला आणि उरलेली सगळी जागा वर्णनाला दिली. या बिलात ते निघाले 8, 14, 14, 20, 22 आणि 28. बेरीज 106, आणि वर्णनाला 84! दोन्ही कडांचे समास धरून 82 मिमी वापरता येतात, म्हणजे 72 मिमीची कोऱ्या वह्यांची ओळ आता एका ओळीत बसते. अरुंद फाँट रद्द.

राहिलं ते पानाचं. बिल दुसऱ्या पानावर गेलं की रकान्यांची शीर्षकं पुन्हा येत नाहीत. `pdf.table()` ते स्वतः करतो, पण त्यात ओळी रंगवल्या तर ठ्ठ च्या पायांचं काय होतं ते आधी तपासणार. त्यासाठी एक खोटं बिल बनवून ठेवलंय: पुठ्ठा, चिठ्ठी, कुऱ्हाड, हृदय, शुद्धलेखन वही. तुमच्या दुकानांच्या याद्यांत असे आणखी खाली लटकणारे शब्द असतील तर पाठवा, त्याच बिलात घालतो.